मुलाखतीनंतरचा मेल: आभार दोन ओळींत, बाकी कामाचं

खासगी कंपनीत मुलाखत देऊन आल्यावर आभाराचा मेल पाठवायचा असतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यात लिहायचं काय, इथे गाडी अडते. मग कुठून तरी तयार मसुदा उचलला जातो: संधीबद्दल आभार, आपल्याशी बोलून आनंद झाला, माझी कौशल्यं या पदाला अनुरूप आहेत, आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत. या मेलमध्ये चूक काही नाही. पण तो जसाच्या तसा कुठल्याही दुसऱ्या कंपनीला पाठवता येतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं.

डिसेंबरमध्ये अशाच एका मेलचं काम माझ्यासमोर होतं. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा होती, काम मुख्यतः जीएसटीचं. मुलाखत मंगळवारी, १६ डिसेंबर २०२५ ला झाली. तेव्हापासून निकाल लागेपर्यंत त्या मेलचं काय काय झालं ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरण अकाउंट्सचं आहे, पण मेल कसा बांधायचा हे त्यावरून कळावं.

मेलचं खरं काम लिहायला बसण्याआधीच सुरू होतं. गेटमधून बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात टिपणं काढायची. आपण काय उत्तर दिलं ते आपल्या लक्षात राहतंच. समोरच्याचे शब्द मात्र संध्याकाळपर्यंत पुसट होतात, म्हणून ते आधी उतरवायचे. माझ्या टिपणात होतं ते असं: खरेदीची बिलं महिन्याला चारशेच्या घरात. जॉबवर्कवाले पुष्कळ, त्यातले बरेच तिमाही रिटर्नवाले. दर महिन्याच्या १८-१९ तारखेला रात्री थांबावं लागतं. "टू-बीत बिल दिसलं नाही तर काय कराल?" हा प्रश्न. त्यावर "आणि तिमाहीवाले?" हा पुढचा प्रश्न, आणि त्यासमोर "राहिलं" असा शेरा, कारण तेवढ्यात एचआरने पगाराचा विषय काढला आणि बोलणं तिकडे गेलं. शेवटी, निर्णय कोण घेणार: अकाउंट्स मॅनेजर मॅडम, सही फायनान्सच्या सरांची. कधी कळवणार: आठवड्याभरात.

खर्चाचं विचाराल तर अर्ध्या दिवसाची रजा, रिक्षा आणि झेरॉक्स धरून सहाशेच्या आत. मेलला पैसे लागत नाहीत, लागते ती एक संध्याकाळ.

पुढचा अडथळा पत्त्याचा. आपल्याकडे मुलाखत घेणारे सहसा कार्ड देत नाहीत. कंपनीतल्या लोकांच्या पत्त्याची पद्धत ओळखून मॅडमच्या नावाचा पत्ता स्वतःच तयार करायचा आणि मेल सोडायचा, असा सल्ला मिळतो. तो मानू नये. मेल परत आला तर एक वेळ ठीक, पण त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाला गेला तर तुमच्या मुलाखतीची चर्चा भलत्याच विभागात पोचते. निघताना एचआरला सरळ विचारावं: "मॅडमना दोन ओळींचा मेल करायचा असेल तर कुठे करू?" मला उत्तर मिळालं की माझ्याकडेच पाठवा, मी पुढे देते. बऱ्याच ठिकाणी असंच होतं. याचा परिणाम मजकुरावर होतो. मेल जाणार एचआरला, वाचणार मॅडम आणि कदाचित सर, म्हणून तो पुढे ढकलला गेल्यावरही एकटा उभा राहिला पाहिजे. कोण उमेदवार, कुठलं पद, कुठली तारीख हे पहिल्याच वाक्यात हवं.

नवा मेल लिहिण्यापेक्षा मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलने आलं त्यालाच उत्तर द्यावं. पद, वेळ, बायोडेटा सगळं खाली जोडलेलं असतं, आणि आधी ओळखीच्या झालेल्या साखळीतला मेल स्पॅममध्ये पडण्याची शक्यता कमी असते. दोन गोष्टी मात्र तपासायच्या. बोलावणं नोकरीच्या पोर्टलवरून आपोआप आलेलं असेल तर त्या पत्त्यावरचं उत्तर कुणीच वाचत नाही. आणि सीसीमध्ये कोण आहे ते बघायचं. जागा प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत असेल तर मेल त्यालाच पाठवून पुढे द्यायला सांगायचा. त्याला वगळून कंपनीशी परस्पर बोललेलं त्याला चालत नाही, आणि त्याचं म्हणणंही रास्त असतं.

आता मुद्दा निवडण्याबद्दल, कारण मेलचा जीव यात आहे. टिपणांतून तीन गोष्टी लिहिण्यासारख्या दिसत होत्या: टॅली प्राइमवरचा अनुभव, टीडीएसचं काम आणि ते राहिलेलं तिमाहीवाल्यांचं उत्तर. टॅली त्या दिवशी आलेल्या प्रत्येकालाच येत असणार. टीडीएसबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तोही यादीतला म्हणून. तिमाहीवाल्यांची अडचण मात्र त्यांची स्वतःची होती, ती सांगताना मॅडम खुर्चीत पुढे सरकून बोलत होत्या, आणि तिचं उत्तर अर्धवट राहिलं होतं. एवढं जुळून आल्यावर बाकीचे दोन मुद्दे सोडून दिले. मेलमध्ये एकच मुद्दा असावा असं माझं ठाम मत आहे. उमेदवारांची नावं घेऊन मॅडम सरांसमोर बसतात तेव्हा प्रत्येकाबद्दल त्यांना एखादं वाक्यच बोलता येतं. ते वाक्य आपल्या मेलमधून सहज उचलता आलं पाहिजे.

जीएसटीशी संबंध नसलेल्यांसाठी अडचण थोडक्यात सांगते. कारखाना जॉबवर्कवाल्याला करासकट पैसे देतो, आणि त्या कराचं क्रेडिट घ्यायचं तर जॉबवर्कवाल्याने ते बिल सरकारी पोर्टलवर चढवलेलं असावं लागतं. महिन्याला रिटर्न भरणारे पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत बिलं चढवतात. वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्यांना तिमाही रिटर्नची मुभा आहे. त्यांना तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ नावाच्या सोयीतून १३ तारखेपर्यंत चढवता येतात, पण ते ऐच्छिक आहे. १४ तारखेला कारखान्याची टू-बी तयार होते, म्हणजे कुणाकुणाची बिलं आली त्याचा गोषवारा. आणि २० तारखेपर्यंत कारखान्याला थ्री-बी, म्हणजे त्या महिन्याचं कर भरण्याचं रिटर्न, भरायचं असतं. म्हणजे टू-बी हातात आल्यावर जॉबवर्कवाल्यांना फोन सुरू केले तर त्या महिन्यापुरता उशीर झालेलाच असतो. १८-१९ तारखेला रात्री थांबावं लागतं ते यामुळे.

मेल लिहायला घेतल्यावर आधी सगळ्या तारखा पोर्टलवर पुन्हा पाहिल्या. असं कामाचं लिहिणारा मेल एका चुकीच्या तारखेने उलटा पडतो. त्यापेक्षा नुसते आभार बरे. मेल इंग्रजीत होता, कारण त्या कंपनीचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. मराठीत तो असा होईल:

> नमस्कार मॅडम,
>
> काल, १६ डिसेंबरला, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह (जीएसटी) या पदाच्या मुलाखतीसाठी आपण आणि सरांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभार. स्टोअर्सची नोंद आणि बिल यांचा मेळ आपल्याकडे कुठे अडतो हे आपण सांगितलंत, त्यामुळे या जागेवरचं काम नीट समजलं.
>
> जॉबवर्कवाल्यांची बिलं टू-बीत वेळेवर दिसत नाहीत, यावर बोलताना तिमाही रिटर्नवाल्यांचा भाग राहिला. त्यांच्यासाठी मी व्हेंडर मास्टरमध्ये मासिक की तिमाही अशी खूण ठेवते. महिना संपला की ५ ते ७ तारखेच्या दरम्यान तिमाहीवाल्यांना आपल्याकडे नोंदलेल्या त्यांच्या बिलांची यादी पाठवते, म्हणजे १३ तारखेच्या आत आयएफएफमध्ये चढवायला त्यांना वेळ मिळतो. तरीही जी बिलं येत नाहीत त्यांचं क्रेडिट त्या महिन्यात न धरता वेगळ्या यादीत ठेवते आणि तिमाहीअखेरच्या टू-बीशी लावते. मग १४ तारखेनंतर मुख्यतः बिल नंबर, तारीख किंवा जीएसटी नंबरातल्या चुकाच शोधायच्या उरतात.
>
> सध्याच्या कामात एका इंजिनिअरिंग कारखान्याची महिन्याला सुमारे ३०० खरेदी बिलं मी या पद्धतीने लावते. नोंदी टॅली प्राइममध्ये आहेत. आपल्याकडचे व्हेंडर आणि पद्धत पाहून यात बदल करावे लागतील. हवी असल्यास काल्पनिक आकड्यांची नमुना शीट पाठवीन.
>
> आपली,
> (पूर्ण नाव, मोबाइल नंबर)

पहिल्या परिच्छेदात आभार आहेत, पण त्यातलं दुसरं वाक्य त्या खोलीत बसलेल्याच माणसाला लिहिता येईल असं आहे. "आपल्याशी बोलून खूप शिकायला मिळालं" यापेक्षा नेमकं काय कळलं ते सांगितलं की आभार खरे वाटतात.

दुसऱ्या परिच्छेदात वाक्यांची कर्ती "मी" आहे. "आपण असं करायला हवं" असं एकदाही आलेलं नाही. हा फरक लहान दिसतो, पण मॅडम त्या विभागाच्या प्रमुख आहेत आणि आजची पद्धत त्यांनीच बसवलेली असू शकते. बाहेरच्या उमेदवाराने तासाभराच्या ओळखीवर त्यात दोष काढले तर कुणाला आवडेल? आपण काय करतो एवढंच सांगायचं, तुलना त्यांची त्या करतात. शेवटचं "बदल करावे लागतील" हे वाक्यही त्यासाठीच आहे, आणि ते खरंही आहे.

तिसऱ्या परिच्छेदात पुरावा आहे. सुमारे ३०० हा आकडा विचारला तर सिद्ध करता येण्यासारखा आहे, म्हणून लिहिला. गोल, मोठा, प्रभावी आकडा लिहिण्याचा मोह होतो, पण पुढच्या फेरीत त्याच आकड्यावर बोट ठेवलं जातं. कारखान्याचं नाव दिलेलं नाही, कारण ते सध्याच्या ऑफिसचं अशील आहे. त्याच कारणाने खरी शीट जोडायची नाही. अशिलाची बिलं आणि जीएसटी नंबर बाहेर पाठवणारी व्यक्ती उद्या आपल्या कंपनीचंही तेच करील, असं वाचणाऱ्याच्या मनात आलंच पाहिजे. शिवाय बाहेरून आलेल्या एक्सेल फाइल काही कंपन्यांच्या मेलमध्ये अडवल्या जातात आणि त्यांच्याबरोबर आख्खा मेल अडकतो. म्हणून शीट जोडण्याऐवजी नुसती तयारी दाखवली.

पगार, रुजू होण्याची तारीख, शनिवारची सुट्टी यातलं काही या मेलमध्ये येऊ नये. त्यासाठी एचआरशी वेगळं बोलता येतं, आणि हा मेल मॅडमच्या हातात जायचा असतो. आपल्या ऑफिसी इंग्रजीत हाताला चिकटलेली "काइंडली डू द नीडफुल" सारखी वाक्यंही काढून टाकावीत. समोरच्याला काही करायला सांगणारं वाक्य आभाराच्या मेलमध्ये बसत नाही. लांबीचा अंदाज घ्यायला मेल आधी स्वतःलाच पाठवून मोबाइलवर बघावा. दोनदा बोट फिरवून संपला तर ठीक, त्याहून लांब असेल तर एखादं वाक्य जास्तीचं आहे.

विषयाची ओळ साखळीत असते तीच राहू द्यायची. नवा मेल लिहावाच लागला तर पद आणि तारीख पुरे, असं:

```
Accounts Executive (GST) – interview on 16 Dec
```

फक्त "थँक यू" असा विषय लिहिला तर चार दिवसांनी शोधताना तो मेल कुणाला सापडत नाही.

मेल मंगळवारी संध्याकाळी लिहून झाला, पण सोडला बुधवारी सकाळी साडेनऊला. जीमेलमध्ये वेळ ठरवून पाठवायची सोय आहे, ती वापरली. रात्री अकराला गेलेला मेल सकाळच्या ढिगात खाली जातो. दुसऱ्या दिवशी उठून एकदा वाचायला मिळतो हाही फायदा आहे, नावाची स्पेलिंग तेव्हा दिसते. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवावी. फार थांबूही नये. मुलाखतीनंतर चोवीस तासांत मेल गेला तर चेहरा अजून लक्षात असतो. अकाउंट्सच्या लोकांना १९-२० तारखेला आभाराचा मेल पाठवणं म्हणजे तो न वाचलेलाच राहणार, म्हणून बुधवार, १७ तारीख हा शेवटचा बरा दिवस होता.

मुलाखत घेणारे दोघं-तिघं असतील आणि सगळ्यांचे पत्ते मिळाले असतील तर वेगवेगळे मेल लिहावेत, पण मजकूर अक्षरशः सारखा नको. ते एकमेकांना दाखवतात. प्रत्येकाने जे विचारलं त्यावरचं एक वाक्य बदललं तरी भागतं. इथे एचआरमार्फतच जायचं असल्याने एकच मेल होता, वर एचआरसाठी एक ओळ: कृपया हा मॅडमपर्यंत पोचवावा.

एचआरचं उत्तर दुपारी आलं, दोन शब्दांचं: पुढे दिलं. मग शांतता. हे दिवस कठीण जातात, फोन सारखा हातात घेतला जातो. पण आठवड्याभरात कळवू असं सांगितलेलं असताना तिसऱ्या दिवशी विचारणा करणं बरं दिसत नाही, आणि २० तारखेपर्यंत त्या विभागात कुणाला मान वर करायला वेळ नव्हता. विचारणेचा मेल बुधवारी, २४ डिसेंबरला, त्याच साखळीत गेला. त्यात दोनच वाक्यं होती: १६ तारखेच्या मुलाखतीबद्दल काही ठरलं आहे का, आणि आणखी कागदपत्रं हवी असल्यास सांगावीत. आधीच्या मेलमधलं काहीही पुन्हा लिहिलं नाही. हा मेल फक्त आठवणीसाठी असतो. त्यात पुन्हा आपली बाजू मांडायला लागलं की अधीरपणा दिसतो.

शुक्रवारी, २६ तारखेला फोन आला, दुसरी फेरी ३० डिसेंबरला. मॅडमच्या पुढ्यात त्या मेलची प्रिंट होती आणि "५ ते ७ तारीख" याखाली पेनने रेघ मारलेली होती. पहिला प्रश्न त्यावरच आला: तेव्हापर्यंत आमच्याकडे सगळी बिलं नोंदलेलीच नसतात, काही स्टोअर्समध्ये पडून असतात, मग यादी कशाची पाठवणार? उत्तर असं की पहिली यादी जॉबवर्कच्या चलनावरून काढायची. माल परत आल्याची नोंद गेटवर असते, बिल आलेलं नसलं तरी. दुसरा प्रश्न: बिल टू-बीत दिसतंय, पण माल अजून पोचलेलाच नाही, तर क्रेडिट धरणार का? नाही धरायचं, माल किंवा सेवा मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. तिसरा प्रश्न: पुरवठादाराने आपल्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीच्या नंबरावर बिल चढवलं तर? त्याने पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करेपर्यंत थांबायचं.

मेलमध्ये कामाचा मुद्दा लिहिलात की पुढची फेरी त्याच मुद्द्यावर होते, हे गृहीत धरा. म्हणून मेल गेल्या दिवशीच त्याच्यावर निघू शकतील असे पुढचे प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत. ज्या विषयात आपल्याला एकाच प्रश्नापुरतं येतं तो विषय मेलसाठी निवडू नये, तो कितीही आकर्षक दिसला तरी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफर आली. सोबत कागदपत्रांची यादी होती: शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सध्याच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर, यूएएन, पॅन, आधार आणि पदवीची गुणपत्रिका. निवड मेलमुळे झाली असा दावा मी करणार नाही. मेलने काम पुढे सरकवलं ते एवढंच, की दुसऱ्या फेरीत बोलणं शून्यापासून सुरू झालं नाही. पहिल्या फेरीत कामच जमलं नसेल तर मेलने ते जमत नाही.

एका ठिकाणी मात्र हा मेल मुळीच पाठवू नका. एमपीएससी, सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँका यांच्या जाहिरातींमध्ये निवडीसाठी कोणत्याही प्रकारे दबाव किंवा वशिला आणल्यास उमेदवारी रद्द होईल, अशी अट बहुधा असते. तिथे मुलाखत मंडळातल्या सदस्याला लिहिलेला साधा आभाराचा मेलही त्या अटीत ओढला जाऊ शकतो. काही विचारायचं असेल तर जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर, अर्ज क्रमांक घालून विचारावं. कॉलेजच्या कॅम्पस मुलाखतीत मधे प्लेसमेंट ऑफिसर असतो, तिथे मेल त्यांच्याकडे द्यावा आणि कंपनीला पाठवायचा की नाही ते त्यांना ठरवू द्यावं.